कथेची शेवटची सात वाक्ये

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचे काम गेली काही वर्षे प्रस्तुत लेखकाकडे येत असते. बेळगाव शहर, खानापूर, चंदगड आणि निपाणीकडचा भाग एवढ्या टापूतून ही हस्तलिखिते येतात. त्यांतील बहुसंख्य कथा शिक्षकांनी लिहिलेल्या असतात, आणि त्यांतील पुष्कळशा कथा शेवटच्या परिच्छेदापर्यंत चांगल्या असतात. शेवटच्या परिच्छेदात मात्र लेखक आपली खुर्ची पुढे ओढतो, पात्रांस बाजूस सारतो आणि आतापर्यंत जे घडले त्याचा अर्थ काय, हे वाचकास समजावून सांगू लागतो. अशा एका कथेवर मागील खेपेस आम्ही दोघांनी, म्हणजे कथाकाराने आणि मी, जवळ जवळ दीड महिना पत्रव्यवहार केला. कथाकाराच्या संमतीने त्या दुरुस्तीची हकीकत येथे देत आहे. त्यांचे नाव देण्याचे कारण नाही. निपाणीजवळच्या एका खेड्यातील शाळेत ते शिकवितात, एवढे पुरे.

कथा अशी. विड्या वळून पोट भरणारी एक म्हातारी आणि सातवीत शिकणारी तिची नात, अशी दोनच माणसे घरात आहेत. म्हातारीची बोटे आता आखडू लागली आहेत. दररोज हजार विड्या वळून, पंचवीस पंचवीसांचे चाळीस कट्टे बांधून ती कारखान्यात नेते. तेथे तपासनीस कट्टे पाहतो आणि सैल, वाकड्या किंवा पान फाटलेल्या विड्या छाट म्हणून बाजूस काढतो. छाटेची मजुरी मिळत नाही. छाट दिवसेंदिवस वाढत चालली आहे. नात हे पाहते आणि आजी झोपल्यावर, एका जुन्या कात्रीने पाने कापून, शे-दीडशे विड्या वळून आजीच्या मालात मिसळून ठेवते. ती शाळेत डुलक्या घेते. मास्तर तिला बाकावर उभी करतात. एके दिवशी तपासनीस म्हातारीस म्हणतो, "आज हात बरा बसलाय. छाट तीनच." म्हातारी एक कट्टा उचलून पाहते, परत ठेवते आणि घरी येते. नात पुस्तकावर डोके टेकून झोपलेली असते.

येथून पुढची सात वाक्ये मूळ हस्तलिखितात अशी होती :

"आजीने मुलीच्या उशापासची जुनी कात्री उचलली. ती फडक्यात गुंडाळून, मुलीचा हात पोचणार नाही अशा बेताने तिने माळ्यावर ठेवून दिली. कट्ट्यातल्या काही विड्यांचा दोरा उलट्या बाजूने गुंडाळलेला होता, म्हणजे त्या विड्या तिच्या डावखुऱ्या नातीनेच वळल्या होत्या. आपल्या म्हातारपणासाठी या कोवळ्या जिवाच्या झोपेचा बळी जात आहे, हे तिला आता कळून चुकले होते. दारिद्र्याच्या या चक्रात अशा किती कळ्या उमलण्याआधीच कोमेजून जातात! शिक्षण हाच या अंधारातून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग आहे, हे त्या निरक्षर म्हातारीला उमगले, पण आपल्या समाजाला ते कधी उमगणार? मग तिने दिव्याला मुलीच्या बाजूने पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि सूप मांडीवर ओढले."

कथेचे नाव होते "न उमललेली कळी".

या सात वाक्यांत चौथे, पाचवे आणि सहावे नको, हे कोणाही सराईत वाचकाच्या ध्यानात येईल. परंतु नको म्हणून काट मारणे आणि का नको हे जाणून काट मारणे यांत अंतर आहे. कथाकारास मी पहिल्या पत्रात लिहिले की, ही तीन वाक्ये वाचकास ठाऊक असलेलेच पुन्हा सांगतात. त्यांचे उत्तर आले की, पुन्हा सांगितल्याने बिघडते काय? कीर्तनकार पूर्वरंगात जे निरूपण करतो तेच उत्तररंगातील आख्यान संपल्यावर पुन्हा मूळ अभंगाशी आणून जोडतो, आणि श्रोत्यांस ते आवडते. त्यांचा हा मुद्दा टाकाऊ नव्हता. आपल्याकडे गोष्ट सांगण्याची परंपराच अशी आहे. श्रावणातील कहाणीच्या शेवटी तिच्या फळाची वाटणी ऐकणाऱ्यांतही होते. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या त्या शाळेच्या वाटेने, आणि त्यांच्याबरोबर 'तात्पर्य' हा शब्द आला. जो कथाकार दिवसभर मुलांस धड्याखालचे तात्पर्य विचारतो, त्याच्या हातून रात्री लिहिताना ते आपोआप उतरावे यात नवल नाही.

आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांतून भरणाऱ्या साहित्य संमेलनांत कथाकथनाचे सत्र हमखास असते, आणि ते बहुधा सर्वांत जास्त गर्दीचे असते. मंडपात बसलेल्या माणसांपुढे कथा सांगणारास शेवट कळवावा लागतो. आवाज चढवून एक भरदार वाक्य टाकले की लोकांस कथा संपल्याचे समजते आणि टाळी पडते. "आपल्या समाजाला ते कधी उमगणार?" हे वाक्य याच जातीचे आहे. ते मंडपात वाईट नाही. पण कागदावर कथा संपल्याचे सांगण्यास पुढचा कोरा भाग समर्थ असतो. तेथे टाळीच्या वाक्यास काम उरत नाही. ही कथाही आधी दोन ठिकाणी सांगितली गेली होती, हे नंतर कळले.

पुनरुक्ती हा दोष मात्र यांतील लहान दोष आहे. मोठा दोष असा की, ती तीन वाक्ये खोटी आहेत. दुसऱ्या पत्रात मी कथाकारास एवढाच प्रश्न विचारला : तपासनिसाने जी शाबासकी दिली ती कोणाच्या हाताला दिली? म्हातारीच्या हाताला नव्हे, नातीच्या. आयुष्यभर ज्या हाताने विड्या वळल्या तो हात आता मागे पडला, आणि एका पोरीचा हात त्याहून बरा ठरला, हे म्हातारीला त्या बाकापुढे उभे असताना कळले. मग तिने कात्री लपविली ती नातीच्या झोपेसाठी, की आपल्या दुखावलेल्या अभिमानासाठी, की ज्या कामाने आपला जन्म गेला त्यात ही पोर इतकी तरबेज होते आहे या भीतीसाठी? कथेत ही तिन्ही कारणे एकत्र नांदत आहेत, आणि त्यामुळेच ती म्हातारी जिवंत वाटते. चौथे वाक्य यांतील एक कारण उचलते आणि उरलेली दोन पुसून टाकते. सहावे वाक्य तर तिच्या तोंडी शाळातपासणीच्या अहवालातील भाषा घालते. शिक्षणाने नातीचे कल्याण होईल की नाही, याविषयी त्या म्हातारीस काय वाटते हे कथेत कोठेच आलेले नाही.

कथाकाराचे यावरील उत्तर आठ दिवसांनी आले. अभिमानाची गोष्ट आपल्या ध्यानातच आली नव्हती, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले होते. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीचे मर्म येथे आहे. तात्पर्य लिहिणारा लेखक वाचकाला कमी लेखतो असे आपण नेहमी म्हणतो. कित्येकदा तो स्वतःच्या कथेला कमी लेखत असतो. कथेने त्याच्या नकळत जे धरून आणलेले असते ते त्याच्या तात्पर्यापेक्षा मोठे असते, आणि तात्पर्य लिहून टाकल्यामुळे तो पुन्हा आत पाहावयास जातच नाही.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न फार बारकाईने पाहिलेला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार मांडला, तो पुष्कळांस नावाने तरी परिचित असतो. परंतु संपादकाच्या टेबलावर अधिक उपयोगी पडतो तो अकराव्या शतकातील मम्मट. रसाच्या दोषांत त्याने स्वशब्दवाच्यता हा दोष सांगितला आहे. म्हणजे जो भाव वाचकाच्या मनात उभा करावयाचा त्याचे नावच उच्चारून मोकळे होणे. करुण रस निर्माण करण्याऐवजी 'करुण' हा शब्द लिहिणे. "कोवळ्या जिवाच्या झोपेचा बळी" हे याचे शुद्ध उदाहरण होय. याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. व्यंग्य गौण झालेल्या काव्याचे जे आठ प्रकार मम्मट देतो, त्यांत पहिला प्रकार अगूढ, म्हणजे व्यंग्य इतके उघडे की ते वाच्यासारखेच झाले. आणि त्याच यादीत अस्फुट हाही एक प्रकार आहे, म्हणजे व्यंग्य इतके झाकलेले की जाणकारासही ते हाती लागू नये. दोन्ही उणीवाच. तात्पर्य कापणाऱ्या संपादकाने ही दुसरी उणीव विसरता कामा नये, कारण पहिली घालविताना ती हमखास येऊ पाहते.

आमच्याही कथेत तसेच झाले. उत्साहाच्या भरात मी तिसऱ्या वाक्यापासून सहाव्यापर्यंत सर्व मजकूर काढून टाकला आणि कथा दोघांस वाचावयास दिली. एक निपाणीच्या बाई, ज्यांच्या घरी विड्यांचे काम होऊन गेलेले आहे. दुसरे बेळगावातील एक निवृत्त कारकून, ज्यांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई कधी पाहिलेली नाही. कथा आवडली का, असे मी विचारले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर सभ्य माणसे एकच देतात. मी दोन प्रश्न विचारले. शेवटी म्हातारीने काय केले? आणि का केले? निपाणीच्या बाईंनी दोन्हींची उत्तरे चटकन दिली. कारकून महाशयांस मात्र वाटले की, मुलीने कात्री लागून घेऊ नये म्हणून आजीने ती उचलून ठेवली. नातीच्या विड्या म्हातारीने ओळखल्या, हेच त्यांस उमगले नव्हते.

यातून मला एक उपयोगी भेद हाती लागला. 'का केले' याविषयी वाचकांचे मतभेद झाले तर कथेचे काही बिघडत नाही. उलट ते व्हावेत. 'काय केले' याविषयी मतभेद झाले तर मात्र कथा अंधारात राहिली असे समजावे. वस्तुस्थिती स्पष्ट हवी, अर्थ मोकळा हवा. नवखे लेखक बहुधा याच्या उलट करतात : घटना धूसर ठेवतात आणि अर्थ ठळक करतात.

आता तिसऱ्या वाक्याकडे पुन्हा पाहा. दोरा उलटा आणि नात डावखुरी, हे त्यात सांगितले होते. हे वाक्य तात्पर्याचे नव्हते, माहितीचे होते. ते चुकीच्या जागी पडले होते, इतकेच. वाचकास जी गोष्ट कथेच्या तळाशी पोचण्यासाठी लागते ती त्याला आधी मिळाली पाहिजे, आणि मिळताना ती महत्त्वाची आहे असे वाटता कामा नये. कथेच्या दुसऱ्या पानावर शाळेस जाण्यापूर्वीचा प्रसंग आहे. नात स्वतः वेणी घालते. तेथे कथाकाराने एक वाक्य घातले : "आजीने तिची रिबीन सोडून पुन्हा बांधली, डावऱ्या हाताची तिची गाठ नेहमी उलटी पडे." मग तपासनिसाच्या बाकापुढे, म्हातारी कट्टा उचलून पाहते तेथे, आणखी पाच शब्द आले : "दोरा उलट्या अंगाने फिरला होता." तिसरे वाक्य काढून त्याच्या बदल्यात आधी दोन ठिकाणी मिळून वीसेक शब्द वाढले. कारकून महाशयांस ही नवी प्रत मी दिली नाही; एकदा कळल्यावर ते न कळल्यासारखे कसे वाचणार? दुसऱ्या एका गृहस्थांस दिली. त्यांस कळले. वर, म्हातारीला थोडा मत्सर वाटला असावा, असे ते हलक्या आवाजात म्हणाले.

छाट या शब्दाचाही असाच प्रश्न उभा राहिला. निपाणीकडे तो कोणास सांगावा लागत नाही, अन्यत्र लागतो. मूळ हस्तलिखितात त्याचा खुलासा कोठेच नव्हता. ज्या लेखकाने शिक्षणाचे महत्त्व दोन ओळींत समजावून सांगितले, त्याला छाटेची मजुरी मिळत नाही हे सांगावेसे वाटले नाही, हे मोठे नमुनेदार आहे. आम्ही ते पहिल्याच पानावर घातले.

मराठीत संपादकाने कथेच्या अशा दुरुस्तीत शिरावे ही प्रथा 'सत्यकथा' मासिकाने रूढ केली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांस सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुनर्लेखनासाठी परत पाठवीत. १९८२ साली ते मासिक बंद पडले, आणि अशी पत्रे लिहिण्याची सवडही पुढे कमी कमी होत गेली. त्या पत्रांच्या धाकाविषयीही पुष्कळ बोलले जाते आणि ते सगळेच निराधार नसावे. संपादकाची कात्रीही कोठवर चालावी, हा प्रश्न उरतोच. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१ सालच्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिश यांनी मूळ मजकुराचा सुमारे निम्मा भाग उडविला होता. पुस्तक छापू नये म्हणून कार्व्हर यांनी त्यांना काकुळतीचे पत्र लिहिले होते. त्यांतील एका कथेत अपघातात सापडलेल्या मुलाचे आईबाप शेवटी एका पाववाल्यासमोर बसून त्याने दिलेला पाव खातात. लिश यांनी तो सगळा शेवट कापून टेलिफोन वाजतो तेथेच कथा थांबविली. पुढे १९८३ साली कार्व्हर यांनी ती पूर्ण स्वरूपात छापली. दोन्ही प्रती वाचणारास दिसते की, येथे कापले गेले ते तात्पर्य नव्हते. घडलेली गोष्टच कापली गेली. पाव खाणे ही घटना आहे. ती कोमल आहे एवढ्यावरून तिला उपदेशाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे आहे.

आमच्या भागातील वाचकास तात्पर्याविना शेवट कसा असतो हे पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा, 'वनवास' पासून 'झुंबर' पर्यंत, याच मुलखाच्या हवेत वाढलेल्या आहेत. त्यांत निवेदक लहान मुलगा आहे. आपल्यावर काय गुदरले याचा अर्थ सांगण्याइतके वय त्याला नाही. ज्या गोष्टीस नाव देता येत नाही तिला तो 'मॅड' म्हणतो आणि पुढे जातो. लेखकाने निवेदकच असा निवडला की तात्पर्य सांगण्याची सोय राहू नये. निपाणीचे महादेव मोरे, जे २०२४ साली निवर्तले, त्यांनी वखारीतील बाया, गॅरेजमधील पोरे आणि गाड्यांवरचे चालक कथेत आणले. जे जग स्वतः पिठाच्या गिरणीवर बसून जवळून पाहिले त्याची ओळख करून देण्यासाठी त्यांस भाष्याचा आधार घ्यावा लागला नाही. त्या माणसांची भाषाच पुरेशी होती. आमच्या कथाकाराने पुढच्या पत्रात लिहिले की, आपण मोऱ्यांच्या कथा वाचल्या होत्या, परंतु त्यांत शेवटी काय नसते याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

प्रत्येक कथेस हे लागू करावे असे मात्र मला वाटत नाही. वि. स. खांडेकरांची रूपककथा घ्या. तेथे फूल, दगड, नदी ही पात्रे विचार वाहून नेण्यासाठीच जन्मास आलेली असतात. त्यांच्या शेवटी विचार उच्चारला गेला तर फसवणूक होत नाही. निवेदक स्वतःच एक स्वभाव असलेले पात्र असेल, बढाईखोर असेल, चुकणारा असेल, तर त्याने शेवटी काढलेले तात्पर्य वाचक उलटे करून वाचतो आणि त्याची वेगळीच गंमत असते. कोंकणीत समुद्राकाठच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून सांगितलेल्या कथा आपण वाचतो तेव्हा असे कित्येकदा घडते. प्रश्न उद्भवतो तो, ज्या कथेत निवेदक कोणीच नाही, तेथे शेवटच्या परिच्छेदात अचानक कोणी तरी बोलू लागते तेव्हा.

आमचे शेवटचे भांडण सातव्या वाक्यावर झाले. कात्री माळ्यावर गेली, तेथेच कथा संपावी असा माझा आग्रह होता. शेवट झटकन व्हावा, ही आमच्या पिढीच्या वाचनाची खोड आहे. कथाकार हटले नाहीत. त्यांनी लिहिले : "कात्री ठेवली म्हणजे म्हातारीने नातीला अडवले, एवढेच होते. उद्याच्या हजार विड्या कोण वळणार? ती वळणार. तिची बोटे चालत नाहीत, छाट पुन्हा वाढणार, हे तिला माहीत आहे, तरी ती बसते. आणि उजेड पोरीच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून पुठ्ठा लावते. हे तुम्ही काढलेत तर माझ्याजवळ काय उरले?"

मी ते वाक्य पुन्हा वाचले. त्यात भावनेचा एकही शब्द नव्हता. पुठ्ठा, दिवा आणि सूप एवढेच होते. ते वाक्य राहिले. नाव बदलण्याचे मी सुचविले नव्हते, पण अंतिम प्रत आली तेव्हा पहिल्या पानावरील "न उमललेली कळी" या अक्षरांवर रेघ होती आणि तिच्याखाली शाईने "छाट" असे लिहिलेले होते.